वेस्टिंग लांबवायचं की शेअर सोडायचे?

दादा,

गणपतीनंतर तू आंब्याच्या बागेकडे वळलास. रत्नागिरीच्या कारखान्यात पाचऐवजी दोनच दिवस येतोस. तक्रार नाही, पण आपला करार जुनाच आहे. तुझे ४,८०० शेअर ४८ महिन्यांत, महिन्याला १०० पक्के व्हायचे. २४ महिन्यांचे २,४०० तुझे झाले, त्यांना हात लावायचा नाही. प्रश्न उरलेल्या २,४०० चा.

एक मार्ग असा की सगळे तुझ्याकडेच राहू देत, पण महिन्याला ४० च पक्के होतील. तुझं काही जात नाही, आणि पूर्णवेळ परतलास तर वेग पुन्हा १०० करता येईल. मात्र यात ६० महिने जातील, आणि तुझं काम सांभाळायला मॅनेजर आणला तर त्याला द्यायला शेअर कुठले?

दुसऱ्यात मुदत तीच, २४ महिन्यांत ९६० पक्के. १,४४० तू आत्ताच सोडायचे. परतलास तरी ते आपोआप मिळणार नाहीत. तुला हे बोचेल, तरी माझा कल इकडेच आहे. फक्त ते माझ्या नावावर नकोत: वाजवी मूल्यापेक्षा स्वस्तात घेतले तर फरकावर मलाच कर लागू शकतो. सही करण्याआधी सीएंना विचारू.