अंडं की दही?

"पंचाहत्तरीत आता अंडं खायचं का हो, डॉक्टर?" आजींनी नाक मुरडूनच विचारलं.

"प्रथिनं एका अंड्यात 6 ग्रॅम, वाटीभर दह्यात साधारण 5. म्हणजे जवळपास सारखीच. कॅल्शियम मात्र अंड्यात जेमतेम 25 मिलिग्रॅम, दह्यात दीडशेच्या वर."

"मग चक्काच बांधते."

"प्रथिनं दाटतील, पण बरंचसं कॅल्शियम गळणाऱ्या पाण्यातून जातं. ते पाणी कणकेत घाला."

"मग अंड्यात जास्त काय?"

"बलकात थोडं ड जीवनसत्त्व. एकानं भागत नाही. रक्त तपासून गोळी देऊ."

"मासे?"

"बांगड्यात ड भरपूर."

"वासानंच जेवण सुटेल माझं!"

"मग दोन्ही वेळा वाटीभर दही आणि डाळ जरा घट्ट."