मेलच्या विषयात टॅग लावायला लागून सात महिने झाले, त्याचा अनुभव

आमची अकरा जणांची टीम आहे. सात महिन्यांपूर्वी ठरवलं की आपापसातल्या प्रत्येक मेलच्या विषयाची सुरुवात चौकोनी कंसातल्या तीनपैकी एका टॅगने करायची: कृती, माहितीसाठी, तातडीचे. वाचणाऱ्याला मेल उघडण्याआधीच कळावं की त्याच्याकडून काय हवं आहे, एवढाच हेतू होता. आज पद्धत नीट चालते आहे, पण ती पहिल्या दिवशी ठरवलेली पद्धत नाही. मधल्या काळात तिच्यात जे बदलावं लागलं तेच इथे लिहिते.

पहिली अडचण मराठीच्या व्याकरणातूनच आली. 'तातडीचे' हे विशेषण आहे आणि मराठी माणूस विशेषण नामाप्रमाणे चालवल्याशिवाय राहत नाही. कुणी लिहिलं 'तातडीची बैठक', कुणी 'तातडीचा बदल', कुणी बोलल्यासारखं 'तातडीचं'. वाचायला सगळंच बरोबर, पण टॅग बघून मेल लेबलखाली टाकणाऱ्या जीमेलच्या फिल्टरला हे चार वेगळे शब्द. 'कृती'चंही तसंच, कारण दोघंजण जुन्या सवयीने 'कृति' लिहीत. शिवाय जीमेलचा शोध चौकोनी कंस विचारातच घेत नाही. आम्हाला वाटत होतं, कंसातला शब्द वेगळा ओळखला जाईल. प्रत्यक्षात 'वार्षिक कृती आराखडा' असा साधा विषय असलेला प्रत्येक मेल कृतीच्या लेबलखाली जाऊन बसला आणि खऱ्या कामांचे मेल त्यात हरवले.

दीड महिन्याने टॅग बदलले. नवे शब्द निवडताना दोन अटी ठेवल्या. शब्द चालता नसावा, आणि एरवी कुणी तो विषयात लिहीत नसावा. त्यातून 'कृतीहवी', 'माहितीपुरते' आणि नुसतं 'तातडी' हे तीन उरले. पहिले दोन मुद्दाम जोडून लिहिलेले आहेत. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याला 'कृतीहवी' अजून खटकतं, आणि त्यांचं चूक नाही. पण फिल्टर तेव्हापासून चुकलेला नाही. टायपिंगचा कंटाळा येऊ नये म्हणून प्रत्येकाने फोनच्या कीबोर्डवर शॉर्टकट करून घेतले. तेवढं केल्यावर शब्दांची रूपं वेगवेगळी येणं थांबलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण ती चूक आम्हाला महागात पडली. 'माहितीपुरते'साठी बहुतेकांनी असा फिल्टर लावला होता:

```
subject:माहितीपुरते
```

आणि त्याला `Skip the Inbox (Archive it)` जोडलं होतं. म्हणजे असे मेल इनबॉक्समध्ये न येता थेट लेबलखाली जातात आणि सवडीने वाचता येतात. कल्पना चांगलीच आहे. एकदा पुरवठादाराच्या नव्या दरांबद्दल एक माहितीपुरते मेल गेला. त्यावर चर्चा सुरू झाली आणि सहाव्या उत्तरात कुणीतरी सहज लिहिलं, 'मग जुन्या दरांशी तुलना करून शुक्रवारपर्यंत कळवता का?' विषय अजूनही 'Re: [माहितीपुरते] नवे दर' हाच होता. फिल्टर थ्रेडच्या पहिल्या मेलपुरता नसतो, येणारं प्रत्येक उत्तर तो तपासतो, त्यामुळे हे उत्तरही गुपचूप लेबलखाली गेलं. शुक्रवार उलटला, तुलना कुणी केलीच नाही, आणि सोमवारी जुन्याच दरांवर मागणी गेली. विचारणाऱ्याने विचारलं होतं, ज्याला विचारलं त्याला ते दिसलं नव्हतं. दोघंही खरं बोलत होते, आणि तरीही दोन दिवस टीममध्ये ताण होता. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण फिल्टर लावायचा आग्रह माझा होता.

टॅग मेलला लागतो, पण बोलणं पुढे सरकलं तरी तो जागचा हलत नाही. म्हणून नियम केला: उत्तरात नवं काम सांगायचं असेल तर विषय बदलायचाच. संगणकावर जीमेलमध्ये उत्तर लिहिताना नावांशेजारच्या बाणावर `Edit subject` मिळतं. विषय बदलला की वेगळा थ्रेड सुरू होतो आणि जुना मजकूर खाली जोडलेला राहतो, त्यामुळे संदर्भ तुटत नाही. उलट दिशेनेही हेच करावं लागतं. काम झाल्यावर दहा जण 'धन्यवाद' म्हणत राहिले तर प्रत्येक धन्यवादावर 'कृतीहवी'चा शिक्का असतो. आता काम करणारा शेवटच्या उत्तरात टॅग काढून 'झाले' लिहितो आणि त्यापुढे त्या थ्रेडवर कुणी लिहीत नाही. हा नियम सगळ्यात उशिरा अंगवळणी पडला. चौथ्या महिन्यापर्यंत मी रोज कुणाला ना कुणाला आठवण करत होते.

'कृतीहवी'चा अर्थ काय, यावरही मध्येच बोलावं लागलं. सहा जणांना एकत्र पाठवलेला कृतीहवी मेल कुणाचाच नसतो, प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. आता टॅगमध्येच एक नाव आणि वेळ लिहितो. नावाच्या जागी इथे हुद्दा घालून दाखवते:

```
[कृतीहवी: लेखापाल, गुरु ४ पर्यंत] मे महिन्याची बिलं तपासणे
```

ज्याचं नाव टॅगमध्ये आहे तोच `To` मध्ये, बाकीचे `Cc` मध्ये. दोघांकडून दोन वेगळी कामं हवी असतील तर दोन मेल. सुरुवातीला हे जास्तीचं काम वाटतं, पण दुसरा मेल लिहायला लागणारा वेळ नंतर फोन करून विचारण्यापेक्षा कमीच असतो. फोनच्या पडद्यावर विषयाची पहिली तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, म्हणून नाव आणि वेळ पुढे, कामाचं वर्णन मागे.

'तातडी'बद्दल थोडक्यात. पहिल्या महिन्यात पाठवणाऱ्याची घाई म्हणजे तातडी असं झालं होतं आणि दोन आठवड्यांत तो शब्द कुणी बघेनासं झालं. आता व्याख्या एकच आहे: चार तासांत कुणी हात लावला नाही तर नुकसान होईल. आणि तातडीचा मेल पाठवणाऱ्याने फोनही करायचाच, मेल नोंद म्हणून. फोन करायला संकोच वाटत असेल तर ते काम बहुधा तातडीचं नसतं. हल्ली असे मेल आठवड्याला एखाद-दोनच येतात, आणि आले की सगळे हातातलं सोडतात.

टीमबाहेर हे टॅग अजिबात लावू नका. एका ग्राहकाला फॉरवर्ड करताना 'कृतीहवी' तसंच राहिलं आणि त्यांना तो हुकूम वाटला. बाहेर पाठवण्यापूर्वी टॅग काढणं हे अजूनही सवयीवर अवलंबून आहे, त्याला फिल्टरचा उपाय मला सापडलेला नाही. तसंच, ज्या टीमचं बहुतेक बोलणं चॅटवर होतं तिने या फंदात पडू नये, अर्धी कामं तिकडे आणि अर्धी इकडे राहतील.

मागच्या महिन्यात मी दहा दिवस रजेवर होते. परत आल्यावर इनबॉक्समध्ये दोनशेच्या वर मेल होते. पूर्वी ते वरपासून खालपर्यंत चाळण्यात अख्खा दिवस जायचा. या वेळी आधी 'कृतीहवी' आणि माझं नाव एवढंच शोधलं. नऊ मेल निघाले. पाचांवर माझ्या गैरहजेरीत कुणीतरी 'झाले' लिहून ठेवलं होतं. उरलेल्या चारांपैकी दोन मेलची वेळ टळून गेली होती, ते पाठवणाऱ्यांना आधी फोन केला आणि मग चहा घेतला.