दुकान, दवाखाना, हॉटेल: सुगंधाचं कोणतं साधन कुठे चालतं?

एकाच आठवड्यात मला तीन फोन आले आणि तिघांचा प्रश्न एकच होता: "वासाचं कुठलं मशीन घेऊ?" पहिले पुण्यातले साड्यांचे दुकानदार, दुसऱ्या ठाण्यातल्या दातांच्या डॉक्टर आणि तिसरा कोल्हापुरात नवं हॉटेल काढणारा एक तरुण. मी हेच काम करतो, त्यामुळे तिघांनाही एकच मशीन विकून मोकळं होणं मला सोपं होतं. प्रत्यक्षात एकाचं आधीचंच मशीन नीट लावून दिलं, एकीने काड्यांची बाटली घेतली आणि एकाला मी म्हटलं, आतल्या बसायच्या जागेत काहीच लावू नकोस.

साधनांची तुलना करण्याआधी नाकाविषयी एक गोष्ट सांगतो, कारण खरेदीतली निम्मी चूक तिथेच होते. सतत येणारा वास काही मिनिटांतच नाकाला जाणवेनासा होतो. बाहेरून आलेल्या माणसाला स्वयंपाकघरातली फोडणी दारातच कळते, फोडणी देणारीला मात्र नाही. दुकानात दहा तास बसणाऱ्या मालकाचं आणि नोकरांचं तेच होतं. "वास येतच नाही" म्हणून ते मशीन वाढवतात, नाक पुन्हा सरावतं, पुन्हा वाढवतात. मशीनचं बटण नेमकं अशा माणसाच्या हातात असतं, ज्याला वास कळणं बंद झालेलं आहे. म्हणून कुठलंही साधन घेताना माझा पहिला प्रश्न असतो: हे कमी करता येतं का आणि किती बारकाईने?

या कसोटीवर उदबत्ती आणि धूप सगळ्यात मागे पडतात. सकाळच्या पूजेची उदबत्ती लावा, ती श्रद्धेची गोष्ट आहे. पण दिवसभर दरवळ हवा म्हणून बंद एसीच्या खोलीत उदबत्त्या जाळत राहिलात, तर वासाबरोबर बारीक धूरही सोडताय. दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो आणि सुती कापडात तो वास मुरून बसतो.

भिंतीवर लावायचा फवारा, म्हणजे दर पंधरा-वीस मिनिटांनी 'फुस्स' करणारा डबा, स्वस्त आहे आणि स्वच्छतागृहात चांगलं काम करतो. बसायच्या जागेत मात्र तो एका क्षणी घमघमतो आणि नंतर काहीच नाही. फवारा उडताना नेमकं खाली उभं असलेलं गिऱ्हाईक शिंकतं. डब्यातला वायू ज्वलनशील असतो, त्यामुळे शेगडीजवळ तो नकोच.

पाण्यात थेंब टाकून वाफेसारखं धुकं सोडणारं भांडं दिसायला छान. घरी ठीक आहे. आपल्याकडे जूनपासून हवेत आधीच ओल असते, त्यात हे आणखी दमटपणा घालतं. पाणी रोज बदललं नाही तर भांड्यात बुळबुळीत थर धरतो आणि सुगंधासोबत कुबट वास येऊ लागतो. व्यवसायाच्या जागेसाठी मी ते सुचवत नाही.

उरतात दोन साधनं: काड्यांची बाटली आणि कोरडं फवारणी मशीन. बाटलीतलं तेल काड्यांमधून वर चढतं आणि हळूहळू हवेत उडतं. वीज नको, आवाज नाही. शंभर-दीडशे चौरस फुटांच्या खोलीला पुरते, त्याहून मोठ्या जागेत हरवते. वास कमी करायचा तर काड्या काढायच्या: आठऐवजी तीन ठेवा, फरक लगेच कळतो. रात्री बंद करता येत नाही, हा तिचा दोष.

कोरड्या मशीनमध्ये छोटा कॉम्प्रेसर दाबाखालच्या हवेने तेलाचे अतिसूक्ष्म कण करून सोडतो. उष्णता नाही, पाणी नाही. मुख्य गोष्ट म्हणजे किती सेकंद चालायचं आणि किती सेकंद थांबायचं, हे तुम्ही ठरवता. म्हणूनच मोठ्या दुकानाला मी हेच देतो. मोठ्या मॉलमध्ये किंवा हॉटेलात ते एसीच्या मुख्य डक्टला जोडतात. आपल्या बहुतेक दुकानांत स्प्लिट एसी असतो. तिथे डक्टच नाही, तेव्हा 'एसीला जोडून देतो' म्हणणाऱ्याला कुठे जोडणार ते दाखवायला सांगा. आणखी एक गोष्ट: स्प्लिट एसी बाहेरची हवा जवळजवळ घेत नाही, तीच हवा फिरवत राहतो. त्यामुळे सकाळी मंद वाटणारा वास संध्याकाळपर्यंत साचून उग्र होतो. मशीनचं तोंड एसीच्या हवा ओढणाऱ्या जाळीकडे असेल तर तेल फिल्टरवर बसतं, आणि मग मशीन बंद करूनही वास चार दिवस जात नाही.

आता साड्यांच्या दुकानाचा हिशेब. जागा नऊशे चौरस फूट, छत दहा फूट. त्यांनी दुसऱ्याच कुणाकडून मोगऱ्याच्या तेलाचं मशीन आधीच घेतलं होतं आणि आता दुसरं कुठलं घेऊ, असं विचारत होते. तक्रार होती ती खपाची: "अहो, महिन्याला अर्धा लिटर तेल जातंय!" मी संध्याकाळी सात वाजता गेलो. पायरीवरच मोगरा अंगावर आला. आत दोन बायका साड्या बघत होत्या, त्यातल्या एकीने पदर नाकाला लावलेला. नोकरांना विचारलं तर म्हणाले, वास तर काहीच नाही. मशीन थांबा न घेता सलग चालू होतं, वर ते कपाटाच्या अगदी जवळ ठेवलेलं, त्यामुळे काचेवर तेलाचा पातळ थर. बोट फिरवलं की रेघ उमटायची. तोच थर पैठणीवर बसला असता तर?

सलग चालवल्यावर ते मशीन तासाला साधारण २ मिली तेल उडवत होतं. दहा तासांचे २० मिली, महिन्याच्या सव्वीस दिवसांचे ५२० मिली. आम्ही ते २० सेकंद चालू आणि १६० सेकंद बंद असं लावलं. म्हणजे दर नऊ सेकंदांतला एकच सेकंद. दिवसाला सव्वादोन मिली, महिन्याला साठ मिलीच्या आत. दुकान साडेनऊला बंद होतं, मशीन साडेआठलाच थांबतं. शेवटच्या तासात दारं उघडी ठेवायला सांगितली, म्हणजे दुसऱ्या दिवशी शटर वर करताना कालचा वास समोर उभा राहत नाही. मशीन कपाटांपासून दूर, दाराजवळ उंचावर हलवलं. तेल विकणारा खपाचा हा हिशेब सहसा मांडून दाखवत नाही, कारण मशीन स्वस्तात किंवा भाड्याने देऊन तो कमावतो ते तेलावर. तुम्ही भाव विचाराल तेव्हा मिलीचा विचारा आणि स्वतः गुणाकार करा.

वास कोणता? इथे माझं मत जरा अरसिक वाटेल. 'आमचा खास सुगंध' म्हणून आठ-दहा गोष्टींचं मिश्रण करून घेण्याची हौस असते. स्वित्झर्लंडमधल्या एका घरसजावटीच्या दुकानात २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग केला गेला. एका वेळी नुसता संत्र्याचा वास, दुसऱ्या वेळी संत्रं, तुळशीच्या जातीची पानं आणि हिरवा चहा यांचं मिश्रण. साध्या वासात गिऱ्हाइकांनी सुमारे वीस टक्के जास्त खर्च केला, मिश्रणाचा तसा परिणाम दिसला नाही. एका प्रयोगावरून नियम काढू नये, पण माझाही अनुभव तिकडेच झुकतो: ओळखू येणारा वास डोक्याला कामाला लावत नाही. साड्यांच्या दुकानाला आम्ही मोगऱ्याऐवजी वाळा दिला. मोगरा गोड आहे, थोडा जास्त झाला की डोकं चढतं. वाळा थोडा चुकला तरी सहन होतो.

दातांच्या दवाखान्याची गोष्ट वेगळी. तिथला ओळखीचा वास म्हणजे लवंगेच्या तेलातलं युजेनॉल, आणि ज्याला एकदा दाढ दुखली त्याला तो वास दारातच भीती घालतो. डॉक्टरांना तो झाकायचा होता. पण वासावर वास चढवला की तिसराच तयार होतो. आधी उपचाराच्या खोलीत एक्झॉस्ट लावला, औषधाची बाटली वापरली की लगेच बंद करायची सवय घातली, कचऱ्याला झाकणाचा डबा आणला. निम्मं काम तिथेच झालं. मग फक्त बाहेरच्या बाकांपाशी संत्र्याची काड्यांची बाटली, तीन काड्यांवर. संत्रं निवडायलाही आधार होता: व्हिएन्नामधल्या एका दातांच्या दवाखान्यात २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संत्र्याच्या वासात थांबलेल्या स्त्री-रुग्णांची धास्ती कमी आढळली, पुरुषांत तसं दिसलं नाही. डॉक्टर हसून म्हणाल्या, "म्हणजे नवऱ्यांना तसंच घाबरू द्यायचं!" एक अडचण आहे: संत्र्याचा वास झटकन उडतो, उन्हाळ्यात बाटली लवकर मंदावते. तेव्हा काड्या वाढवायच्या नाहीत, तेल बदलायचं.

छातीचे डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा कर्करोगाच्या रुग्णांना तपासणारे यांनी मला विचारलं, तर मी नकोच म्हणतो. दम्याला, अर्धशिशीला, गरोदरपणातल्या मळमळीला कुठलाही 'मंद' वास मंद वाटत नाही.

हॉटेलवाल्या तरुणाने नेटवर वाचलं होतं की फ्रान्समधल्या एका पिझ्झेरियात लव्हेंडरच्या वासाने लोक जास्त वेळ बसले आणि जास्त पैसे खर्च झाले. ते खरं आहे, असा अभ्यास २००६ साली आला होता. पण त्याच अभ्यासात लिंबाच्या वासाने फरक पडला नाही, आणि आपल्याकडे लिंबू म्हणजे भांड्यांचा साबण, लव्हेंडर म्हणजे फरशी पुसायचं पाणी. शिवाय तांबड्या रश्श्याचा वास असताना दुसरा कशाला? चव ही निम्मी नाकानेच लागते, त्यामुळे टेबलापाशी फुलांचा वास आला की जेवणच फिकं लागतं. त्याला मी इतकंच सांगितलं: हात धुवायच्या जागी आणि स्वच्छतागृहात फवारा लाव, आत काही नको, आणि खर्च करायचाच असेल तर स्वयंपाकघराची चिमणी मोठी कर. जळक्या तेलाचा वास कपड्यांत घेऊन गिऱ्हाईक घरी गेलं, तर तोच त्याचा 'खास सुगंध' ठरतो.

निवड करताना कागदाच्या पट्टीवर हुंगून ठरवू नका. पट्टीवर छान वाटणारं तेल हवेत दहा तासांनी कसं वाटतं, ते फक्त जागेवर कळतं. दोन-तीन तेलं निवडा, प्रत्येक एक आठवडा चालवा, आणि ताकद नेहमी वाटते त्याच्या निम्म्यापासून सुरू करा. पाहुण्याला दारात जाणवलं आणि पाच मिनिटांत तो विसरला, तर जमलं. चारचौघांनी "कसला वास आहे हो?" विचारलं तर ती स्तुती समजू नका, कमी करा. नोकरांपैकी कुणाचं संध्याकाळी डोकं दुखू लागलं, तर तेलच बदला.

साड्यांच्या दुकानात आता मशीनला कुलूप आहे, किल्ली मालकांकडे, आणि मालकांनी स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवणं सोडून दिलंय. रोज दुपारी चारला कुरिअरवाला येतो. त्याला दारात थांबवून विचारतात, "वास येतोय का रे?" तो "थोडासा" म्हणाला की हात लावायचा नाही. मागच्या सोमवारी तो "नाही" म्हणाला, तेव्हा बाटलीतलं तेल संपलं होतं.