ट्रॅक चेंजेस: सरसकट स्वीकारावेत की एकेक पाहावेत?

अहवाल एका सहकारी लेखिकेचा, तपासला दुसऱ्या सहकाऱ्याने, आणि ट्रॅक चेंजेसच्या, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दाखवणाऱ्या, खुणांनी भरलेली वर्डची फाइल अंतिम करायची तुम्ही. समजा, गावातल्या विहिरींच्या पाण्यावरचा वीस पानी अहवाल आहे आणि त्यात १४० बदल आहेत. सगळे एकदम स्वीकारता येतात, किंवा एकेक पाहून ठरवता येतं.

सरसकट स्वीकारायला `Accept All Changes` पुरे, काम क्षणात होतं. तपासणाऱ्याने फक्त शुद्धलेखन पाहिलं असेल, ‘विहीरीत’चं ‘विहिरीत’ केलं असेल, तर हीच पद्धत योग्य. पण त्याच क्लिकमध्ये दुसरंही काही आत येतं. लेखिकेने ‘१२ पैकी ९ विहिरींत पातळी वाढली’ असं लिहिलं होतं, त्याचं ‘बहुतेक विहिरींत’ झालं. वाक्य सुटसुटीत झालं, माहिती गेली. ‘पावसामुळे वाढली असावी’मधला ‘असावी’ खोडला की अंदाजाचा निष्कर्ष होतो. खूण एकाच शब्दावरची असल्याने पान चाळताना ती नजरेतही भरत नाही.

एकेक पाहताना `Accept and Move to Next` वापरतात. इथे वेगळा धोका आहे. एखादा शब्द बदलला तर वर्ड त्याचे दोन बदल धरतो, जुना काढणं आणि नवा घालणं. ‘४५ सेमी’चं ‘५४ सेमी’ केलेलं असताना नवा आकडा स्वीकारला आणि जुना काढायला नकार दिला, तर छापील प्रतीत ‘४५५४ सेमी’ येतं. हे कुणाच्या तरी लक्षात येईल. उलट झालं, तर आकडाच गायब होऊन नुसतं ‘सेमी’ उरतं. शब्दातली एखादीच मात्रा बदललेली असेल तर देवनागरीत ते तुकडे वाचणंही कठीण. म्हणून अशा ठिकाणी अख्खा शब्दसमूह निवडून मग `Accept` किंवा `Reject` दाबावं. निवडलेल्या भागातले सगळे बदल एकत्र लागू होतात.

आमच्या मते दोन्हींची सांगड घालावी. आधी फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि `All Markup` लावा. `Show Markup` मध्ये फक्त `Formatting` वरची खूण राहू द्या, बाकीच्या काढा, आणि `Accept All Changes Shown` दाबा. फॉन्ट, ठळक अक्षरं यांचे बदल एका फटक्यात संपतात आणि मजकुराचे तेवढे उरतात. ते परत दिसण्यासाठी काढलेल्या खुणा पुन्हा लावायच्या. आता शुद्धलेखन झपाझप स्वीकारत जा. आकडा किंवा अर्थ बदलणारी जागा आली की स्वीकारूही नका आणि नाकारूही नका. तिथे टिपणी लिहून लेखिकेला विचारा. विहिरीवर मोजमाप तिने घेतलं आहे, कच्ची वही तिच्याकडे आहे.

टिपणीची भाषा कशी असावी, हे एका उदाहरणावरून पाहू. कोरड्या विहिरींचं प्रमाण ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. लेखिकेने ‘२० टक्क्यांनी घटलं’ लिहिलं, तपासणाऱ्याने ‘५० टक्क्यांनी’ केलं. टक्केवारीतला फरक २० अंकांचा, मूळ प्रमाणाच्या तुलनेत घट मात्र निम्मी. ‘आकडा चुकला आहे, दुरुस्त करा’ अशी टिपणी दुखावते, आणि नेमकं काय करायचं तेही सांगत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘ताई, २० आणि ५० दोन्ही हिशेबाने निघतात, पण वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. “४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं” एवढंच ठेवलं तर चालेल का?’ इथे कारण आलं, तयार वाक्य आलं आणि शेवटचा शब्द लेखिकेकडे राहिला.

टिपणी समासात लिहावी की पत्रात? एका जागेपुरता प्रश्न असेल तर समासात. तीच दुरुस्ती १५ ठिकाणी असेल तर १५ टिपण्या नकोत. उत्तरपत्रिका तपासल्यासारखं वाटतं. सोबतच्या मेलमध्ये एकदाच लिहावं: ‘सामान्यरूपात “विहीर”चा ही ऱ्हस्व होतो, म्हणून सगळीकडे “विहिरीत” केलं आहे.’ तपासणाऱ्याचा बदल नाकारला तर त्यालाही एका ओळीत कारण कळवावं: ‘सर, “१२ पैकी ९” तसंच ठेवलंय, तक्ता ३ शी जुळायला हवं म्हणून.’

फाइल बाहेर पाठवण्याआधी `No Markup` वर विसंबू नका. त्याने खुणा फक्त झाकल्या जातात, समोरच्याला त्या उघडून दिसू शकतात. `Reviewing Pane` उघडून बदलांची संख्या शून्य झाली का ते बघा. शीर्षपट्टी, तळटीप आणि मजकूर-चौकटींमधले राहिलेले बदल बहुधा तिथेच सापडतात.