एका ‘ध्द’पायी: गिंप ३.०, आठ महिन्यांनंतर

दर महिन्याला पैसे कापणारं फोटो-एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद केलं आणि फुकटातल्या गिंपवर आलो. त्याला आता आठ महिने झाले. पहिले दोन महिने शिव्याच घातल्या. मत बदललं ते मावसभावाच्या खानावळीच्या फोटोमुळे.

उद्घाटनाच्या रात्री फोनवर काढलेला तो एकच बरा फोटो. वर लाल एलईडीची पाटी: ‘शुध्द शाकाहारी’. पाटी नंतर दुरुस्त झाली, पण मेनूकार्डावर हाच फोटो हवा होता. म्हटलं, एक जोडाक्षर तर बदलायचंय.

ते पुसलं तर तिथे काळं भोक पडलं. प्रत्येक अक्षराची लाली शेजारच्यावर सांडलेली असते, शिवाय रस्त्यावरच्या दिव्याने काळी पाटीही तपकिरी दिसत होती. शेवटी अख्खा ‘शुध्द’ पुसला. ‘शाकाहारी’ तसंच ठेवलं, नमुना म्हणून.

नवा शब्द लाल रंगात टाकला, तर स्टिकर चिकटवल्यासारखा दिसला. झूम केल्यावर कळलं की मूळ अक्षराचा गाभा लाल नाहीच. सेन्सर तिथे भरून वाहिलाय, म्हणून तो पिवळट पांढरा आहे. लाल फक्त कडेला आणि भोवतीच्या प्रभेत. रंग उचलतानाही `Sample average` लावा, नाहीतर नॉइजचा एखादा हिरवा ठिपका हाती येतो.

प्रभेवर माझा आठवडा गेला. एकाच `Gaussian Blur`ने कापसाचा ढग होतो, कुठेतरी एकदम संपणारा. खरी प्रभा अक्षराजवळ दाट असते आणि पुढे लांबवर विरत जाते. म्हणून गाभ्याखाली त्याच शब्दाच्या तीन लाल प्रती ठेवल्या, ब्लर ४, १५ आणि ५० पिक्सेल, मोड `Addition`, सगळ्यात पसरट प्रत अगदी फिकी. हे आकडे माझ्या फोटोचे. तुमचे अक्षराच्या जाडीवर ठरतील.

इथे गिंपने जिंकलं. भावाला फॉन्ट पटला नाही. जुन्या २.१० मध्ये फिल्टर थरात मुरून जायचे, म्हणजे सगळं पुन्हा करावं लागलं असतं. ३.० मध्ये ते वेगळे राहतात. गाभा आणि तिन्ही प्रतींचा फॉन्ट बदलला, ब्लर आपोआप मागे आला. ‘द्ध’ही नीट जुळला, भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सेटिंग हुडकावं लागायचं.

नॉइज मात्र सगळ्यात शेवटी. मी आधी `RGB Noise` टाकून मग ब्लर केला आणि सगळं गुळगुळीत करून बसलो. फोनच्या जेपेगमधला नॉइज बारीक वाळूसारखा नसतो, दोन-तीन पिक्सेलचे रंगीत डाग असतात. त्यामुळे नॉइजचा थर वेगळा घेऊन अर्धा-पाऊण पिक्सेल ब्लर केला. गाभ्यावर तो अजिबात नको. भरलेल्या पांढऱ्यात नॉइज उरतच नाही. तपासायला `Curves`ने अंधार उजळवा: ठिगळ असेल तर लगेच चौकोन दिसतो.

तक्रार एकच, हे तिन्ही ब्लर चालू असले की माझा जुना लॅपटॉप रडतो.

कार्ड छापून आलं. भावाच्या मुलीने फोटोतल्या काउंटरवरच्या स्टीलच्या पिंपाकडे बोट दाखवलं. त्यात पाटीचं प्रतिबिंब होतं, उलटं, लांबट आणि अजूनही ‘शुध्द’.