चेन, बेल्ट की शाफ्ट: गाडी घेण्याआधी मागचं चाक कशाने फिरतं ते बघा

मित्राचा फोन आला, सेकंडहँड हार्ले स्ट्रीट ७५० बघून ठेवलीय, बेल्ट आहे म्हणजे चेनची कटकटच नाही, घेऊ का? तो पुण्यात राहतो, महिन्याला साधारण १००० किमी चालवतो आणि पावसाळ्यात ताम्हिणीतून कोकणात उतरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी चेन, कारण आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या बाईक चेनवरच आहेत. चेन हलकी, स्वस्त, आणि स्वच्छ असेल तर इंजिनची ताकद फार कमी वाया घालवते. पुढचं स्प्रॉकेट १५ दातांऐवजी १४ चं लावलं की घाटात ओढ सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, बेल्ट-शाफ्टमध्ये असला बदल इतक्या सहज होत नाही. पण चेन उघडी असते. लाल चिखल, बारीक वाळू आणि पाणी एकत्र आलं की रोलरवर पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. स्प्लेंडरला पूर्ण बंद चेन कव्हर असतं म्हणून तिची चेन दुर्लक्ष करूनही बरीच टिकते, मोठ्या गाड्यांना ते नसतं.

त्यामुळे ५०० किमीला एकदा आणि पावसात भिजली तर घरी आल्यावर लगेच, रॉकेलने मऊ ब्रश मारायचा, पुसायचं आणि चेन कोमट असतानाच आतल्या बाजूने ल्यूब लावायचं. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश अजिबात नको, रिंगा फाटतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. मित्राच्या हिशोबाने महिन्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं, वर्षाचे सहा तास झाले.

आता खरी चूक होते ती ताणात. माझ्या गाडीची चेन एका गॅरेजमध्ये स्टँडवर असताना तंग करून दिली, हाताला छान वाटत होती पण मी बसल्यावर बघितलं तर खेळच उरला नव्हता. सस्पेन्शन दबलं की मागचा ॲक्सल, स्विंगआर्मचा पिव्हॉट आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, तशी चालवत राहिलं तर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग आणि सील जातं. बऱ्याच गाड्यांना खालच्या बाजूला मध्यावर २५ ते ३५ मिमी खेळ लागतो, मॅन्युअलमधला आकडा बघा आणि चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागी तंग, दुसरीकडे ढिली असेल तर चेन असमान ताणली गेलीय. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढून बघा, अर्धा दात उघडा दिसला तर किट बदला, आणि पूर्ण सेटच बदला कारण जुन्या दातांवर नवी चेन लवकर संपते.

बेल्टला यातलं जवळपास काहीच नाही. तेल नाही, पँटवर काळे डाग नाहीत, आवाज नाही, नीट राहिला तर चेनच्या कितीतरी पट चालतो. हायवेला आणि शहरात मला तो मनापासून आवडतो. पण ताम्हिणीच्या पुढे खडीचा रस्ता लागला आणि एखादा टोकदार खडा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये गेला तर बेल्टला भोक पडतं, ते दुरुस्त होत नाही. चेन तुटली तर लॉक टाकून घरी येता येतं, बेल्ट मात्र सलग गोल असतो, जोड नसतो, त्यामुळे बदलायला साधारणपणे स्विंगआर्म सोडवावा लागतो, रस्त्याच्या कडेला ते जमत नाही.

शाफ्ट म्हणजे चेनऐवजी चाक फिरवणारा दांडा, तिचं थोडक्यात सांगतो कारण मित्राच्या बजेटमध्ये ती नाहीच. बीएमडब्ल्यू १९२३ च्या आर३२ पासून शाफ्ट लावतेय, आजच्या आर १३०० जीएसलाही तीच आहे. सगळं बंद डब्यात, चिखल-पावसाचा संबंध नाही, ठरल्या किमीला फायनल ड्राइव्हचं तेल बदललं की झालं. मात्र वजन वाढतं, बेव्हल गिअरमध्ये थोडी जास्त ताकद जाते आणि बिघडलं तर खर्च मोठा. तेलात लोखंडाचे कण दिसले किंवा चाक हाताने हलवल्यावर खेळ जाणवला तर थांबा. वर्षाला २०-२५ हजार किमी लांबचे दौरे करणाऱ्याला मी शाफ्टच सांगेन.

मित्राला मी चेनवाली ६५० घे म्हटलं. कोकण सोडणार नसेल तर वर्षाचे सहा तास त्याला परवडतील, रस्त्यात बेल्ट गेला तर परवडणार नाही, त्यात हार्लेने स्ट्रीटचं इथलं उत्पादन २०२० मध्येच बंद केलंय. तरी मन स्ट्रीटवरच असेल तर पैसे देण्याआधी गाडी स्टँडवर घे, चाक हळूहळू फिरव आणि टॉर्च मारून बेल्टचा प्रत्येक दात बघ, मुळाशी चीर, कडेला निघालेले धागे किंवा खड्याचं भोक दिसलं तर नव्या बेल्टची आणि मजुरीची किंमत आधी विचार, ती गाडीच्या किमतीतून वजा कर आणि मगच बोल.