‘लागिरं’नंतर काय बघायचं?

‘लागिरं झालं जी’ ही मालिका २०१९ला संपली. आमच्या साताऱ्यात आई अजून आज्या-शितलीची आठवण काढते. तिला हवाय तो पारावरचा मित्रांचा कालवा आणि आपली बोली.

‘मिसेस मुख्यमंत्री’ लगेच त्याच वर्षी आली. सुमीची बोली अस्सल, कानाला गोड. पण लग्नानंतर गोष्ट मुख्यमंत्र्यांच्या घरात शिरते. सासू-सुनेची ओढाताण वाढते, पारावरचा कालवा मागं पडतो.

२०२०ची ‘कारभारी लयभारी’ मला जास्त जवळची वाटते. लेखक ‘लागिरं’चेच, तेजपाल वाघ, आणि त्यातला विक्या म्हणजे निखिल चव्हाण इथं नायक. राजकारण इथंही आहे, आज्यासारखी फौजेची ओढ मात्र नाही. तरी आईला मी हीच लावून दिली. विक्याचा आवाज ऐकताच ती भाजी निवडायची थांबली.